चारात एक, दर खेपेला

माझा धाकटा भाऊ दहावीच्या वर्गात असताना गेला. त्याला थॅलेसेमिया होता. त्याच्या अंगात तयार होणाऱ्या रक्तात काही दम नसायचा, म्हणून तो सहा-सात महिन्यांचा असल्यापासून दर तीन-चार आठवड्यांनी त्याला बाहेरचं रक्त चढवावं लागे. रक्त चढलं की चार दिवस तो मळ्यात धावायचा, विहिरीवर ओरडायचा, मग हळूहळू पिवळा पडत जायचा. चढवलेल्या रक्तातलं लोह शरीरात साठत जातं आणि शेवटी ते हृदयाला बाधतं. त्याचं तसंच झालं.

आमचं घर मखमलाबादच्या शिवारात. वडील भाजीपाला करायचे. मेथी, कोथिंबीर, थोडी शेवंती. आई पहाटेच्या जुड्या बांधून झाल्या की भावाला घेऊन नाशकात दवाखान्यात जायची. त्या काळात मी तिला रडताना फारसं पाहिलं नाही. तिला रडू यायचं ते माझ्या आत्याच्या एका वाक्यावर.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. निफाडकडे द्राक्षवाल्यांच्या घरात दिलेली. बाई मनाने मोठी होती. भावासाठी द्राक्षांची पाटी घेऊन यायची, दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून राहायची. पण ती जाता-येता म्हणायची, "आमच्या घराण्यात असलं कधी निपजलं नाय. हे वहिनीच्या माहेराकडून आलं." आईच्या तोंडावर म्हणायची, पाहुण्यांसमोरही म्हणायची. ती दुष्टाव्याने बोलत नव्हती. पाऊस पश्चिमेकडून येतो हे सांगावं तितक्या सहज ती हे सांगे. आई हातातलं काम करत राहायची. भाऊ गेल्यावर आलेल्या बायकांनाही आत्याने हेच सांगितलं, तेव्हा आई उठून गोठ्याकडे गेली आणि बराच वेळ आली नाही.

आत्याला एक मुलगा. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. आयटीआय करताना तो आमच्याकडेच राहिला आणि पुढे सातपूरला एका कारखान्यात फिटर म्हणून लागला. मीही आयटीआयच केलं, आरेखकाचा कोर्स, आणि पाटबंधारे खात्यात नकाशे काढायच्या नोकरीला लागले. आम्ही एकमेकांना अरे-तुरे करत वाढलो. माझ्या भावाचा त्याला फार लळा होता. एकदा भावाला रक्त हवं होतं म्हणून तो मोठ्या तयारीने रक्तपेढीत गेला, तर त्याचंच रक्त थोडं कमी भरलं म्हणून त्यांनी त्याला परत पाठवलं. आत्याने मग त्याला महिनाभर बीट खाऊ घातलं.

मामाची मुलगी करायची आमच्याकडे पद्धत आहे. आत्याने तर मी शाळेत असल्यापासूनच "भाचीच सून करून नेणार" असं जाहीर केलं होतं. नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा तिने तो विषय पक्का करायला घेतला. आम्हा दोघांचीही ना नव्हती. खरं सांगायचं तर मनातून होच होता. पण मी आईबरोबर त्या दवाखान्यात शेकडो तास बसले होते. शेजारच्या खाटांवरची मुलं पाहिली होती. त्यातल्या दोघांचे आईवडील आते-मामे नात्यातले होते हे मला ठाऊक होतं.

मी त्याला सरळ म्हटलं, "लग्न करायचं तर आधी डॉक्टरांना विचारायचं. दोघांनी."

तो म्हणाला, "मीही तेच म्हणणार होतो. तू आधी बोललीस, बरं झालं."

भावाला बघणारे मुलांचे डॉक्टर होते, त्यांनी सांगितलं की मुंबईच्या एक डॉक्टरबाई महिन्यातून एकदा नाशकात येतात. आनुवंशिक आजारांचा सल्ला देणं हेच त्यांचं काम. शरणपूर रस्त्यावर या डॉक्टरांच्याच दवाखान्यात मागच्या खोलीत त्या बसत.

आम्ही गेलो. मी, तो आणि आई. पायऱ्या चढतोय तर खाली रिक्षातून आत्या उतरली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. "माझ्या पोराची गोष्ट हाय," ती म्हणाली, "मला ऐकायला नको?"

डॉक्टरबाई चाळिशीच्या असतील. सुती साडी, जाड चष्मा. त्यांनी औषधाची चिठ्ठी काढली नाही की नाडीही बघितली नाही. कोरा कागद घेतला आणि आमची माणसं मांडायला लागल्या. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. कोण कुणाचं, कोण हयात, कोण लहानपणी गेलं, कुणाचं लग्न नात्यात झालं, सगळं विचारत विचारत रेषा ओढत गेल्या. त्यांचे चौकोन फार वाकडे येत होते आणि माझा हात शिवशिवत होता. माझ्या भावाचा चौकोन त्यांनी पूर्ण काळा केला. मग आईचा गोल आणि वडिलांचा चौकोन अर्धा अर्धा काळा केला.

आत्या पुढे झुकली. "माझ्या भावाला कशापायी रंगवलं? त्याला काय धाड भरलीय? तो अजून सकाळी दोन वाफे खुरपतो."

"बरोबर आहे, त्यांना आजार नाहीच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ऐका हं. रक्त तयार करायची जी सूचना शरीरात असते, तिच्या प्रत्येकाजवळ दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. दोन्हींपैकी एक बिघडलेली असली तरी दुसरीवर काम निभतं. माणूस धडधाकट असतो. जन्मभर त्याला पत्ता लागत नाही. अशा माणसाला आम्ही वाहक म्हणतो. पण दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या तर मात्र हा आजार होतो. तुमच्या भाच्याला झाला, म्हणजे त्याला एक बिघडलेली प्रत आईकडून आली आणि एक वडिलांकडून. एकट्या आईकडून तो आजार येऊच शकत नाही."

आई समोरच्या कागदाकडे बघत होती.

आत्याने हळूच विचारलं, "म्हणजे आमच्याकडूनबी?"

"निम्मं तुमच्या माहेराकडून. तुमच्या आईवडिलांपैकी एकाकडे ती प्रत असणार. तुमच्या भावाला ती मिळाली. तुम्हाला मिळाली असेल किंवा नसेल. दोन्हींची शक्यता सारखी."

आत्याने पदर सावरला आणि भिंतीला टेकून बसली.

मग डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. त्यांनी माझ्या गोलापाशी दोन तृतीयांश असं लिहिलं. मला ते पटेना. आईवडील दोघे वाहक असतील तर चार शक्यता, त्यातल्या दोन वाहक, म्हणजे निम्मी शक्यता. इतकं तर मला कळत होतं. मी तसं म्हटलं.

"तुम्ही जन्माला यायच्या आधी कुणी विचारलं असतं तर निम्मी म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "पण आज तुम्ही माझ्यासमोर बसलात. तुम्हाला आजार नाही हे आपल्याला माहीत आहे. म्हणजे चारातली ती एक शक्यता खोडून टाका. उरल्या तीन. तीनपैकी दोन वाहक, एक पूर्ण मोकळी."

मी मनात मांडून पाहिलं आणि ते बरोबर होतं. मला त्या बाईबद्दल तिथेच विश्वास वाटायला लागला. त्या समजूत घालत नव्हत्या, हिशोब दाखवत होत्या.

त्याच्या चौकोनापाशी त्यांनी एक चतुर्थांश लिहिलं. आत्याची शक्यता निम्मी, तिच्याकडून मुलाकडे यायची पुन्हा निम्मी. "दोघेही वाहक असाल तर दर मुलामागे चारात एक आजार. तिन्ही आकडे गुणले तर आज, काही तपासायच्या आधी, चोविसात एक असं येतं. पण या आकड्याला धरून बसू नका. तो आपल्याला माहीत नाही म्हणून आहे. रक्त तपासलं की तो एकतर शून्याच्या जवळ जाईल किंवा चारात एक होईल."

"म्हणजे मधलं काही नाही?" त्याने विचारलं.

"मधलं काही नाही. तुम्ही वाहक आहात किंवा नाही, हे आजही ठरलेलंच आहे. आपण फक्त बघायचं." मग त्याच्याकडे निरखून बघत त्यांनी विचारलं, "तुम्हाला कधी रक्त कमी आहे असं कुणी सांगितलंय?"

त्याने रक्तपेढीची गोष्ट सांगितली. आणि मला आठवलं की मीही कॉलेजच्या वयापासून लोहाच्या गोळ्या खात आले होते आणि तरी माझं रक्त कधी वाढत नव्हतं. डॉक्टरबाईंनी मान डोलावली पण त्यावर भाष्य केलं नाही. "त्याला दुसरी कारणंही असतात," एवढंच म्हणाल्या.

आम्ही दोघांनी रक्त दिलं. बाहेर पडताना आत्या मागे वळली आणि तिने बाही वर केली. "माझंबी घ्या," ती त्या तपासणीच्या मुलीला म्हणाली. "मला बघायचंय."

पुढच्या महिन्यात डॉक्टरबाई आल्या तेव्हा निकाल तयार होते. एका विशिष्ट हिमोग्लोबिनचं प्रमाण वाहकांमध्ये वाढलेलं असतं. माझं वाढलेलं होतं. त्याचं वाढलेलं होतं. आत्याचंही वाढलेलं होतं.

डॉक्टरबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. "तुम्ही दोघेही वाहक आहात. तुमच्या तब्येतीला यातून काही होणार नाही. त्या लोहाच्या गोळ्या उगाच खाऊ नका, लोह कमी आहे का ते आधी तपासून घ्या. प्रश्न फक्त मुलांचा. तुम्ही एकमेकांशी लग्न केलंत तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजाराची, चारात दोन तुमच्यासारखं वाहक मूल, चारात एक पूर्ण मोकळं. शिवाय तुम्ही आते-मामे भावंडं. घराण्यात अशा आणखी काही दडलेल्या प्रती असतील तर त्या एकत्र यायची जोखीम परक्यांपेक्षा थोडी जास्त. तीही मनात धरा."

"मग लग्न करू नये का?" आईने विचारलं. त्या दिवसभरात ती पहिल्यांदाच बोलली.

"ते मी सांगणार नाही, ताई. ते माझं काम नाही. दुसऱ्या कुणाशी लग्न केलं आणि तो माणूस वाहक नसला तर या आजाराचं मूल होणार नाही. एकमेकांशी करून मूल दत्तक घेता येतं. किंवा गरोदरपणाच्या अकराव्या आठवड्याच्या आसपास गर्भाला पोसणाऱ्या वारेचा बारीक तुकडा काढून बाळाला आजार आहे का ते मुंबईत बघता येतं. त्यात गर्भ पडायचा थोडा धोका असतो, शंभरात एखादा. आणि बाळाला आजार निघाला तर काय करायचं, हे आधी तुमचं तुम्ही ठरवलेलं असावं. मी सगळ्या वाटा दाखवते. चालायचं तुम्ही."

त्या संध्याकाळी मखमलाबादला आई ओसरीवर मेथी निवडत बसली होती. आत्या निफाडला परत गेली नव्हती. ती आली, समोर बसली, मेथीची एक जुडी ओढून घेतली. मी आत चहा टाकत होते, दार उघडं होतं.

"वहिनी," आत्या म्हणाली, "ते माझ्या अंगातबी हाय."

"ऐकलं मी."

"मी इतकी वर्षं तुम्हाला बोलले."

आईने काड्या बाजूला सारल्या. "वन्सं, तुम्ही बोलायच्या तेव्हा मलाही वाटायचं, माझ्यातच खोट आहे. मी माझ्या आईलासुद्धा विचारलं होतं, आपल्याकडे कुणाला होतं का म्हणून. ती बिचारी रडली होती."

"चुकलंच माझं," आत्या म्हणाली. "लोकांसमोर बोलले, आता लोकांसमोरच सांगेन."

आणि तिने सांगितलं. पुढच्या लग्नसराईत, जिथे जिथे ते वाक्य पूर्वी बोलली होती तिथे तिथे, कुणी विचारो न विचारो. आईचा चेहरा त्या वर्षात उतरत्या वयातही मोकळा झाला. ती माझ्याशीसुद्धा भावाबद्दल बोलायला लागली. त्याआधी त्याचं नाव आमच्या घरात फार कमी निघे.

आता आम्हा दोघांचा निर्णय उरला होता. कालव्याच्या कडेने आम्ही दोघं बऱ्याच संध्याकाळी चाललो. तो म्हणाला, "तुला दुसरा मुलगा बघायचा असला तर बघ. मी मनात काही ठेवणार नाही."

"तू दुसरी बघणार आहेस का?"

"नाही."

"मग मला का सांगतोस?"

तो हसला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "ते बाळ आजारी निघालं तर?"

मी याचा विचार करून झाले होते. "तर मी ते ठेवणार नाही," मी म्हटलं. "मी सोळा वर्षं बघितलंय. दुसऱ्या कुणाला काय करावंसं वाटेल ते त्यांचं. भावावर आमचा जीव होता आणि तो जन्मालाच यायला नको होता असं मी कधी म्हणणार नाही. पण जाणूनबुजून त्या खाटेवर आणखी एक मूल मी झोपवणार नाही. तुला हे चालणार नसेल तर आत्ताच सांग."

तो म्हणाला, "चालेल. दोघांनी मिळून जायचं मात्र. तू एकटीने ठरवलंस असं मला नको."

लग्न झालं. साध्या मांडवात, शेवंतीच्या माळांखाली. आम्ही नाशकातल्याच सिडकोत दोन खोल्या घेतल्या.

वर्षभराने मला दिवस गेले. आधीच आमच्या दोघांच्या रक्तातला नेमका बिघाड मुंबईच्या प्रयोगशाळेत शोधून ठेवला होता, कारण काय शोधायचं ते माहीत असल्याशिवाय बाळात ते शोधता येत नाही. अकराव्या आठवड्यात आम्ही एसटीने मुंबईला गेलो. पोटातून सुई, समोर सोनोग्राफीचा पडदा. तिथल्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, मुलगा की मुलगी हे कायद्याने सांगता येत नाही, विचारूही नका. मी पडद्याकडे बघितलं नाही. त्याने बघितलं. नंतर तो म्हणाला, हात हलत होता.

निकाल डॉक्टरबाईंनी फोनवर दिला नाही. नाशकात यायच्या दिवसाआधीच त्या खास आमच्यासाठी आल्या, मागच्या खोलीत बसवलं आणि म्हणाल्या, "दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत. मला वाईट वाटतं."

त्याने माझा हात धरला. मी विचारलं, "चूक असायची शक्यता?"

"फार थोडी. तुमच्या पेशी त्यात मिसळल्या नाहीत ना तेही त्यांनी बघितलंय. मी स्वतः त्यांच्याशी बोलले." मग त्या थांबल्या. "तुम्ही आधी काय ठरवलं होतं ते मला ठाऊक आहे. पण ठरवलेलं बदलायचा हक्क तुम्हाला आज, उद्या, दोन्ही दिवशी आहे. घरी जा, बोला."

आम्ही घरी गेलो, बोललो आणि आमचं ठरलेलंच कायम राहिलं. दोन दिवसांनी मी गर्भपात करून घेतला. दवाखान्यात आई आणि आत्या दोघी बसल्या होत्या. मला शंका नव्हती. आजही नाही. पण शंका नसली म्हणजे दुःख होत नाही असं नाही. मी कितीतरी दिवस ऑफिसात ट्रेसिंग पेपरवर रेषा ओढताना मध्येच थांबायचे. तो घरी आला की माझ्याबरोबर भाजी चिरत बसायचा. आधी त्याने कधी सुरी हातात धरली नव्हती.

मी बरी झाले तशी आत्या एक दिवस डबा घेऊन आली. तिने सगळा विचार करून ठेवला होता. "आता कसं हाय," ती म्हणाली, "चारातलं एक वाईट होतं, ते गेलं. आता राहिलेली तीन चांगली. आता त्या मुंबईला जायचं नाय, त्या सुया टोचून घ्यायच्या नाय."

मला वाटलं तो तिला समजावेल. मी त्याच्याकडे बघितलं तर त्याच्याही चेहऱ्यावर तीच आशा. यंत्राचं माप हजाराव्या भागापर्यंत बरोबर काढणारा माणूस, पण त्या दिवशी त्यालाही ते हवं होतं.

मी म्हटलं, "आत्या, असं नसतं. दर खेपेला नव्याने चारात एक. मागच्या खेपेला काय झालं ते पुढच्या खेपेला माहीत नसतं."

"असं कसं? चारातलं एक होऊन गेलं ना?"

मी विचारलं, "तुमच्या थोरल्या जाऊबाईंना मुली किती?"

आत्या थबकली. तिच्या जावेला ओळीने पाच मुली होत्या. दर वेळी सगळं घर म्हणे, इतक्या मुली झाल्या, आता मुलगा होणारच. आत्याने स्वतः दोनदा पेढे सांगून ठेवले होते.

ती बराच वेळ डब्याच्या झाकणाशी चाळा करत बसली. "म्हणजे नशीब मोजून ठेवत नाय कुणी," ती शेवटी म्हणाली.

"नाही."

"तीन चांगली असं नाय. दर वेळी चारातली तीन."

"हो. दर वेळी. तीसुद्धा काही वाईट गोष्ट नाही, आत्या. चारातल्या तीन वेळा चांगलंच होतं."

तो म्हणाला, "मला हे ठाऊक होतं खरं तर. पण मन ऐकेना."

पुढच्या महिन्यात आम्ही डॉक्टरबाईंकडे गेलो तेव्हा त्याने स्वतःच हे सांगितलं. त्या म्हणाल्या, जवळपास सगळेच जण असं मोजतात, शिकलेलेही. आणि याच्या उलटही मोजतात. एकदा आजार निघाला की दर वेळी निघणारच असं धरून बसतात आणि पुन्हा मूलच नको म्हणतात. "तुमच्या दुसऱ्या गरोदरपणातला धोका पहिल्याइतकाच, जराही जास्त नाही आणि कमीही नाही," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला मी घाबरले नाही असं सांगितलं तर ते खोटं ठरेल, पण मला काय करायचं ते माहीत होतं आणि त्याचा फार आधार असतो. कामाच्या जागी रजेचा अर्ज दिला, पुन्हा एसटी, पुन्हा घाट, पुन्हा सुई. या वेळी मीही पडद्याकडे बघितलं. परत येताना इगतपुरीला त्याने वडापाव घेतला आणि माझा अर्धाही खाऊन टाकला. तो काळजीत असला की खातो हे मला तोवर कळलं होतं.

निकालाच्या दिवशी आई आणि आत्या दोघीही बरोबर होत्या. डॉक्टरबाई दारातच म्हणाल्या, "वाहक. तुमच्यासारखंच. आजार नाही."

आत्याने विचारलं, "म्हणजे अर्धा काळा?"

"अर्धा काळा," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि आमच्या जुन्या कागदावर दोघांच्या खाली एक हिऱ्याच्या आकाराची खूण काढली, कारण मुलगा की मुलगी हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. ती अर्धी रंगवली. आईने तोंडाला पदर लावला.

मुलगी झाली. धष्टपुष्ट. पहिलं रक्त तपासलं तेव्हा किंचित कमी भरलं आणि एका नवीन डॉक्टरांनी लोहाचं औषध लिहिलं, तेव्हा आत्याच त्यांच्याशी वाद घालत बसली.

आम्हाला दुसरं मूल हवं की नको यावर आम्ही दोन-तीन वर्षं बोललो आणि शेवटी एकीवरच थांबलो. भीती हे त्याचं कारण नव्हतं. तिसऱ्या खेपेलाही आम्ही गेलो असतो. पण आम्ही तिच्यातच भरून पावलो होतो आणि मला नोकरीत बढती मिळाली होती.

आत्या मात्र थांबली नाही. आमच्या घराण्यातली एक पणजी देवळ्याकडची, हे तिच्याकडूनही आलं असेल म्हणून तिच्या वंशात किती घरं असतील याचा आत्याने शोध घेतला. भाच्या-पुतण्यांच्या लग्नाची बोलणी चालू झाली की ती पोचायची आणि चहा व्हायच्या आत म्हणायची, "मुलाचं रक्त बघितलं का? एकाचं बघितलं तरी चालेल. त्याचं बरोबर निघालं तर दुसऱ्याचं बघायची गरज नाय." हे तिला बरोबर समजलं होतं. दोघांपैकी एक जण वाहक नसेल तर आजार येऊ शकत नाही. काही घरांत लोक तोंड फिरवायचे. एका ठिकाणी मुलाच्या चुलत्याने तिला विचारलं, "तुम्ही काय आमच्या मुलात खोट काढायला आलात?"

ती म्हणाली, "खोट माझ्यात हाय. माझ्या पोरात हाय, सुनेत हाय, नातीत हाय. आम्ही चौघं तुमच्यासमोर उभे राहिलो तर तुम्हाला ओळखू येणार नाय. म्हणूनच बघायचं."

त्या घराने तपासलं. मुलगा मोकळा निघाला, मुलगी वाहक होती, लग्न झालं. आत्याने त्या लग्नात पहिल्या पंगतीला जेवून घेतलं आणि दुपारी माझ्या आईकडे मखमलाबादला येऊन पाय पसरून बसली, आणि दोघींनी मिळून दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधल्या.